झोपेतून उठविणारा अतिसार

जुलाबाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर प्रथम दिवसातून किती वेळा शौचास होते, हे विचारतात. त्यानंतरचा एक प्रश्न रुग्णाला पुष्कळदा अनावश्यक वाटतो. तो प्रश्न असा : "रात्री गाढ झोप लागलेली असताना शौचाच्या भावनेने जाग येते काय?" या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुढील तपासणीची दिशा बदलू शकते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी झोपेत आपले आतडे काय करते, ते आधी पाहावे लागेल.

आपण खातो-पितो त्यातून दररोज सुमारे २ लिटर द्रव पोटात जातो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यातील स्राव मिळून त्यात आणखी सुमारे ७ लिटर द्रवाची भर पडते. या ९ लिटरपैकी बहुतेक भाग लहान आतडे शोषून घेते. मोठ्या आतड्यात एक ते दीड लिटर पोहोचतो. त्याचाही बहुतांश परत रक्तात जातो आणि मलावाटे केवळ १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. शोषण थोडे जरी कमी झाले किंवा स्राव थोडा जरी वाढला, तरी मल पातळ होतो, तो यामुळेच.

मोठ्या आतड्याच्या हालचालींना दिवस-रात्रीचे भान असते. झोपेत त्या पुष्कळ मंदावतात. सकाळी जाग आली की त्या पुन्हा वाढतात, आणि जेवणानंतर तर अधिकच. न्याहारी होताच शौचास जाण्याची अनेकांची सवय याच कारणामुळे असते. आतड्यातील मल पुढे ढकलणाऱ्या जोरदार लाटा दिवसातून काही वेळाच येतात. त्याही मुख्यतः जागे झाल्यावर आणि जेवणानंतर येतात. निरोगी माणसाला रात्रभर अखंड झोप मिळते, त्यामागे आतड्याच्या या विश्रांतीचाही वाटा आहे.

आता दिवसाच्या जुलाबांचा एक अतिशय सामान्य प्रकार पाहू. काही माणसांचे आतडे फार संवेदनशील असते. जेवण, चहा, परीक्षा, प्रवास, मनावरील ताण अशा कारणांनी त्याच्या हालचाली एकदम वाढतात. सकाळी एकामागून एक तीन-चार वेळा जावे लागते, पोटात कळ येते आणि शौचानंतर ती ओसरते. या विकाराला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात. या आतड्याच्या अंतस्त्वचेवर व्रण किंवा सूज नसते. बिघाड असतो तो हालचाल आणि संवेदना यांत, आणि या दोन्ही गोष्टी झोपेत शांत होतात. म्हणून असा माणूस दिवसभर त्रस्त असला तरी रात्री सहसा झोपतो. त्याचा त्रास खोटा नसतो. मात्र वर्षानुवर्षे तो सोसूनही त्याचे वजन सहसा टिकून राहते आणि शौचातून रक्त जात नाही.

आतड्याच्या अंतस्त्वचेला सूज आली असेल, किंवा ती सतत पाणी आणि क्षार पाझरत असेल, तर परिस्थिती वेगळी होते. सुजलेल्या पेशी घड्याळ पाहत नाहीत. जेवण झालेले असो वा नसो, माणूस जागा असो वा झोपलेला, स्राव चालूच राहतो. गुदाशयाला सूज असेल तर तेथे साठवणीची क्षमताही उरत नाही. थोडासा मल किंवा आव जमली तरी तीव्र भावना होते आणि झोप मोडते. म्हणूनच रात्रीचा अतिसार हा केवळ हालचालींचा नव्हे, तर बहुधा शरीरातील प्रत्यक्ष विकृतीचा संकेत मानतात.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. "रात्रीही जावे लागते" असे सांगणारे सगळे रुग्ण या वर्गात मोडत नाहीत. कोणाला चिंतेने झोपच येत नाही, कोणी लघवीसाठी उठतो आणि उठलेलाच आहे म्हणून शौचासही जाऊन येतो, तर कोणी पहाटे नेहमीच्या वेळी जागा होतो. आधी जाग आली आणि मग शौचाची भावना झाली, की भावनेनेच जाग आणली, हा खरा प्रश्न आहे. दुसरे घडत असेल तर ती गोष्ट गंभीरपणे घ्यावी. झोपेत नकळत कपडे खराब होत असतील तर तिचे महत्त्व आणखी वाढते. लाजेमुळे हे सांगण्याचे टाळले जाते, म्हणून घरच्या माणसांनी हळुवारपणे विचारावे.

नमुन्यादाखल एक उदाहरण घेऊ. जिल्ह्याच्या गावी नोकरी करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका शिक्षकाला दोन महिन्यांपासून दिवसातून पाच वेळा पातळ शौचास होत आहे. आरंभी ते दिवसापुरतेच होते. तिसऱ्या आठवड्यापासून मध्यरात्री एकदा आणि पहाटे तीनच्या सुमारास एकदा घाईने उठावे लागू लागले. प्रत्येक वेळी मल थोडाच, पण त्यात आव आणि रक्ताचे धागे. वजन ४ किलोने घटले आहे. मलाच्या एका तपासणीत अमीबाच्या पुटी आढळल्या, म्हणून त्यांना मेट्रोनिडॅझोलचा सात दिवसांचा क्रम दिला गेला. थोडे बरे वाटले, पुन्हा त्रास सुरू झाला. तोच क्रम दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा दिला गेला.

आपल्या देशात अशी चूक होणे अगदी शक्य आहे, कारण अमीबाचा आमांश येथे खरोखरच आढळतो. परंतु केवळ पुटी दिसल्याने तो सिद्ध होत नाही. रोगकारक अमीबासारखाच दिसणारा एक निरुपद्रवी जीव अनेकांच्या आतड्यात राहतो. या दोन वेगळ्या जाती आहेत, हे १९९३ साली स्पष्ट करण्यात आले, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पुटी वेगळ्या ओळखता येत नाहीत. लाल रक्तपेशी गिळलेला हालता अमीबा दिसणे हा खरा पुरावा होय. शिक्षकांच्या मलात तो नव्हता. पूपेशी आणि रक्तपेशी मात्र भरपूर होत्या. योग्य उपचार पूर्ण होऊनही आमांश पुनःपुन्हा उलटत असेल, तर औषध बदलण्याआधी निदान बदलते काय, हे पाहिले पाहिजे.

तपासणीत त्यांचे हिमोग्लोबिन १०.८ निघाले आणि मलातील कॅलप्रोटेक्टिन पुष्कळ वाढलेले होते. आतड्यातील सूज दाखविणारे हे द्रव्य केवळ हालचालींच्या विकारात सहसा वाढत नाही. मग गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे पाहण्यात आले. गुदाशयापासून वर सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत अंतस्त्वचा लालभडक, खरबरीत आणि स्पर्श होताच रक्त येणारी होती. त्यापुढील भाग निरोगी होता. हा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन व्रणयुक्त दाह. तरीही अंतस्त्वचेचे लहान तुकडे काढून तपासण्यात आले, आणि अमीबा व क्षयरोग यांची लक्षणे त्यांत नाहीत याची खात्री करून घेण्यात आली. ही खात्री आवश्यक असते, कारण अमीबाचा दाह किंवा आतड्याचा क्षय ओळखला न जाता स्टेरॉइड दिले गेले, तर रोग भडकतो आणि आतड्याला छिद्रही पडू शकते.

शिक्षकांना मेसालामाइनच्या गोळ्या आणि त्याच औषधाचा रात्री झोपताना घ्यायचा बस्ती देण्यात आला. रोग आतड्याच्या खालच्या टोकाला असल्याने बस्तीचे औषध नेमके तेथे पोहोचते. तीन आठवड्यांत रात्रीचे उठणे थांबले. दिवसाची शौचसंख्या त्यानंतर हळूहळू कमी झाली. हा रोग पुन्हा उलटण्याची शक्यता असते, म्हणून बरे वाटल्यावरही औषध चालू ठेवावे लागते. रात्रीची अखंड झोप जशी सुधारणेची खूण, तसेच झोपेतून पुन्हा उठावे लागणे ही रोग परतल्याची एक सूचना असते.

रात्रीच्या अतिसारामागे नेहमी हाच रोग असतो असे नाही. आतड्याचा क्षय, क्रोन्स रोग, आणि उतारवयात दिसणारा, दुर्बिणीला अंतस्त्वचा निरोगी भासूनही सूक्ष्मदर्शकाखाली सूज दाखविणारा दाह, ही कारणेही असतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या रुग्णाचे प्रकरण विशेष आहे. मधुमेहाने आतड्याच्या नसांना इजा झाली, तर कळ न येता पाण्यासारखे जुलाब रात्री होतात आणि कधी झोपेतच नियंत्रण सुटते. मात्र मधुमेहासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिननेही जुलाब होऊ शकतात. म्हणून औषध कधी सुरू झाले, मात्रा कधी वाढली आणि जुलाब कधी लागले, या तारखा शेजारी शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवाव्यात. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

या लक्षणाच्या मर्यादाही आहेत. शिळे अन्न किंवा दूषित पाणी पोटात गेल्याने लागलेले जुलाब पहिल्या दोन-तीन दिवसांत रात्रीही उठवितात. पटकीत तर दिवस-रात्र हा भेदच उरत नाही. तेथे निदानापेक्षा शरीरातील पाणी भरून काढणे तातडीचे असते, आणि त्यासाठी क्षार-साखरेचे मिश्रण, म्हणजे ओआरएस, लगेच सुरू करावे. झोपमोडीचे जे महत्त्व येथे सांगितले, ते प्रामुख्याने चार आठवड्यांहून अधिक टिकलेल्या जुलाबांना लागू आहे. उलट बाजूनेही सावध राहावे : रात्री शांत झोप लागते एवढ्यावरून गंभीर रोग नाही असे ठरत नाही. आतड्याच्या कर्करोगाचा रुग्ण रात्रभर झोपू शकतो. शौचातील रक्त, घटणारे वजन, रक्तक्षय, ताप, तसेच पन्नाशीच्या सुमारास प्रथमच बदललेली शौचाची सवय, यांची दखल झोप मोडत नसली तरी घेतलीच पाहिजे.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौचास होत असेल, आणि त्यासोबत ताप असेल किंवा नाडी मिनिटाला ९० च्या वर असेल, तर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. अशा वेळी जुलाब थांबविणारी लोपेरामाइडची गोळी घेऊ नये. सुजलेल्या आतड्याची हालचाल थांबली तर ते फुगून धोकादायक अवस्था येऊ शकते.

इतर रुग्णांनी डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी सात दिवसांची साधी नोंद करावी. शौचाची वेळ, मल थोडा की भरपूर, रक्त वा आव होती काय, आणि रात्रीच्या प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द : "जागा होतो" किंवा "झोपेतून उठलो". एका पानावर मावणारी ही नोंद, तीन वेळा व्यर्थ गेलेल्या औषधापेक्षा रोगाच्या अधिक जवळ नेते.