लघवीतले स्फटिक म्हणजे मूतखडा नव्हे

प्रश्न : लघवीला खूप जळजळ होते, सारखं जावं लागतं. तपासणी केली तर लॅबने रिपोर्टसोबत सूक्ष्मदर्शकाखालचा फोटोही दिला. पस सेल्स १५ ते २०, आर.बी.सी. ८ ते १०, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक थोडे. मला मूतखडा झालाय का? (वय ३२, विवाहित)

उत्तर : ताई, फोटोत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते स्फटिकच. पोस्टाच्या पाकिटाची मागची बाजू असावी तसा चौकोन आणि त्यात फुली. पण तुमच्या त्रासाशी त्यांचा संबंध कमी आहे. पाणी कमी प्यायलं, पालक-टोमॅटो जास्त खाल्ले की असे स्फटिक निरोगी माणसाच्या लघवीतही दिसतात. नमुना लॅबमध्ये दोन-तीन तास पडून गार झाला, तर ते बाटलीतसुद्धा तयार होतात. केवळ त्यांच्यावरून मूतखड्याचं निदान होत नाही.

खरं लक्ष द्यायचं ते खरखरीत दाणेदार, गोल पेशींकडे. त्या पू पेशी. मोठ्या भिंगातून एका वेळी जेवढा भाग दिसतो, त्यात त्या साधारण पाचपर्यंत असल्या तर चालतं. तुमच्या १५ ते २० आहेत, शिवाय जळजळ आहे. म्हणजे मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता जास्त. त्यांच्यापेक्षा लहान, फिकट, आत काहीच न दिसणाऱ्या चकत्या म्हणजे तांबड्या पेशी. सुजलेल्या अस्तरातून त्या थोड्याफार झिरपतात. पाळी चालू असताना नमुना दिला असेल, तर त्या तिथल्याही असू शकतात.

रिपोर्टमध्ये 'एपिथेलियल सेल्स' किती आहेत तेही बघा. त्या भरपूर असतील तर नमुन्यात योनीमार्गाचा स्राव मिसळला आहे, आणि पू पेशीही तिथूनच आलेल्या असू शकतात. मग तपासणी पुन्हा करावी. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार बाटलीत घ्यायची आणि तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायची.

अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी कल्चरला नमुना द्या. औषध सुरू झाल्यावर जंतू उगवत नाहीत आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. घरात उरलेल्या गोळ्या तर घेऊच नका. जळजळ शमवणाऱ्या सिरपने बरं वाटतं, जंतू मरत नाहीत. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही आणि पू पेशी मात्र तशाच राहिल्या, तर लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग किंवा मूत्रमार्गाचा क्षयरोगही तपासावा लागतो.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या यांपैकी काहीही असेल, किंवा दिवस गेले असतील, तर कल्चरच्या रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एरवी औषधाचा कोर्स संपून त्रास थांबला, की काही आठवड्यांनी पाळी नसताना लघवी पुन्हा तपासा. तांबड्या पेशी तेव्हाही दिसल्या, तर सोनोग्राफी करायची. मूतखडा आहे की नाही ते त्यात बघता येईल.