रील साठ सेकंदांची, परवानग्या अनेक

लग्नाची फिल्म पेनड्राइव्हवर वधू-वरांच्या घरी जाते आणि तिच्यातलेच उत्तम तुकडे जोडून स्टुडिओची साठ सेकंदांची रील होते. दोन्हींत सिनेमातलं तेच गाणं असतं. पेनड्राइव्हवरच्या फिल्मलाही बहुतेक वेळा परवानगी घेतलेली नसते, पण ती बाहेर दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही. रील मात्र दिसण्यासाठीच केलेली असते. त्यामुळे ‘हे गाणं वापरता येतं का?’ असं नुसतं विचारून भागत नाही. कोण, कुठे आणि कशासाठी वापरणार, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही, कारण परवानगी गाण्याला चिकटलेली नसते, ती वापराला असते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की लग्नात गाणी वाजवायला कायद्यानेच मुभा आहे. आहे खरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट दिली आहे आणि वरात व लग्नाचे इतर सोहळे त्यात धरले आहेत. पण ती सूट समारंभात गाणं वाजवण्यापुरती आहे. तेच गाणं चित्रावर बसवून आपल्या धंद्याची जाहिरात करणं हा वेगळा वापर झाला. तीस सेकंदांपर्यंत गाणं चालतं हा समजही कायद्यात कुठे सापडत नाही, आणि खाली ‘श्रेय मूळ कलाकारांना’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. इन्स्टाग्रामच्या गाण्यांच्या यादीतूनच घेतलं म्हणाल, तर ती यादी वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे. व्यवसायाच्या जाहिरातीसाठी मेटाने साउंड कलेक्शन वेगळं ठेवलं आहे. तिथली गाणी कमी ओळखीची असतात ही तक्रार रास्त आहे, पण रीलमध्ये ग्राहकाला तुमचं काम दिसायला हवं.

मोफत संगीतातही नीट पाहावं लागतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुणेत फक्त BY असेल तर श्रेय देऊन वापरता येतं. NC असेल तर स्टुडिओच्या जाहिरातीत नाही. ND असेल तर व्हिडिओलाच नाही, कारण गाणं चित्राच्या तालावर बसवणं हा मूळ कृतीत केलेला बदल मानला जातो. पैसे भरून घेतलेल्या संगीताच्या योजनेतही वैयक्तिक आणि व्यावसायिक असे भेद असू शकतात, म्हणून जाहिरातीचा उल्लेख असलेली अट वाचून तिची प्रत ठेवावी.

ही प्रत उपयोगी पडते ती क्लेम आल्यावर. रीतसर विकत घेतलेल्या गाण्यावरही यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा क्लेम लावू शकते. तिला आवाज ओळखता येतो, तुमची पावती दिसत नाही. घाबरण्याआधी क्लेम आणि स्ट्राइक यांतला फरक लक्षात घ्यावा. क्लेममध्ये सहसा उत्पन्न हक्कधारकाकडे जातं किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक मात्र हक्कधारकाच्या अर्जावरून व्हिडिओ काढला गेला की लागतो, आणि नव्वद दिवसांत तीन झाले तर चॅनलच जाण्याची वेळ येते. परवानगी हातात असेल तर YouTube Studio मध्ये त्या व्हिडिओच्या Restrictions मधून Dispute निवडावं, कारण म्हणून License द्यावं आणि परवान्याचा तपशील लिहावा. क्लेम करणाऱ्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. परवानगी नसताना ‘बघू तर’ म्हणून केलेला वाद मात्र उलटू शकतो: समोरच्याने व्हिडिओ काढण्याची मागणी केली की साध्या क्लेमचा स्ट्राइक होतो. अशा वेळी गाणं बदलणं किंवा तेवढा भाग कापणं बरं. व्हिडिओ आधी Private ठेवून Checks चा निकाल पाहिला तर बरंच आधी कळतं, पुढे क्लेम येणारच नाही अशी हमी मात्र मिळत नाही.

फोटोंचा प्रश्न अधिक अवघड, आणि त्याकडे फोटोग्राफरांचंच लक्ष कमी. फोटो मी काढला म्हणजे तो माझा, ही समजूत कलम १७ पुढे टिकत नाही. मोबदला घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे बुकिंगच्या कागदावर काही लिहिलेलं नसेल तर काम सांगणारे वधू-वर किंवा त्यांच्या घरचे हेच त्या फोटोंचे मालक. म्हणून त्या कागदावर दोन गोष्टी हव्यात: फोटोंचा हक्क कुणाकडे, आणि जाहिरातीत ते कुठे व किती काळ वापरायचे. बाहेरून घेतलेल्या चित्राची पाटीही वाचावी; ‘एडिटोरियल’ लिहिलेलं असेल तर जाहिरातीला ते नाही.

संगीतासाठी सगळ्यात खात्रीचा मार्ग आपल्या गावातच सापडतो. पारंपरिक धून कुणाच्या मालकीची नसली, तरी बाजारातल्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतोच. त्याची मुदत प्रकाशनानंतर साठ वर्षे. तेव्हा गावातल्या सनईवाल्याला बोलावून तीच धून दोन मिनिटं वाजवून घ्यावी, मानधन द्यावं, आणि ‘हे ध्वनिमुद्रण स्टुडिओने जाहिरातीत सर्व माध्यमांवर कायम वापरावे’ असं लिहून त्यांची व आपली सही घ्यावी.