मिठाच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइड कमी का विरघळते?

सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्यातही जेमतेमच विरघळते. 25 अंश सेल्सिअसला संपृक्त द्रावणात Ag⁺ आणि Cl⁻ या आयनांच्या संहतींचा गुणाकार 1.8 × 10⁻¹⁰ असतो. दोन्ही आयन समान प्रमाणात येत असल्याने विद्राव्यता या संख्येचे वर्गमूळ, म्हणजे लिटरला सुमारे 1.3 × 10⁻⁵ मोल भरते.

आता पाण्याऐवजी 0.1 मोलर मिठाचे द्रावण घेतले, तर क्लोराइड आयन आधीच मुबलक असतात. ते चांदीच्या आयनांना वारंवार भेटतात आणि क्षार पुन्हा घनरूपात बसू लागतो. विरघळण्याचा वेग मात्र वाढत नाही. त्यामुळे Ag⁺ ची संहती 1.8 × 10⁻⁹ पर्यंत उतरल्यावरच समतोल साधतो. म्हणजे Ag⁺ ची संहती सुमारे सात हजार पटींनी घटते. गुणाकार मात्र तोच राहतो. हाच समआयन परिणाम.

म्हणूनच चांदीचे वजनी मापन करताना क्लोराइड किंचित जास्त घालतात. किंचितच, कारण क्लोराइड फार झाले की AgCl₂⁻ हा विद्राव्य जटिल आयन तयार होतो. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात तर खाली बसलेला पांढरा साका पुन्हा विरघळू लागतो.