ऐकणाऱ्याला एकदाच ऐकू येणार आहे: तारीख, नंबर आणि वेबसाइट कशी लिहायची?

व्हिडिओमध्ये बोर्डावर जो कागद लावला होता, तो बऱ्याच जणांनी लेखी मागितला. म्हणून इथे तोच घेऊन बसू. समजा, वीर गावातल्या एका महिला बचत गटाला पापड-फेण्यांचं विक्री प्रदर्शन भरवायचंय आणि त्याची जाहिरात रिक्षावर भोंगा लावून महाडच्या बाजारपेठेत फिरवायचीय. गटाने कागदावर असं लिहिलंय:

"वीर येथे पापड-फेणी विक्री प्रदर्शन. दि. १०/११ रोजी स. १० ते ५. संपर्क ५७८८९७९०६३. वेबसाइट www.veer-papad.in"

(आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात. उगाच कोणाला फोन जायला नको म्हणून मी मुद्दाम ५ ने सुरू केलाय.)

हा कागद पत्रक म्हणून छापला तर काही बिघडत नाही. भोंग्यावर मात्र तो फुकट जातो. का, ते आधी बघू. रिक्षा बाजारातून ताशी १५ किलोमीटरने गेली, तर सेकंदाला साधारण चार मीटर सरकते. भोंगा पुढे पन्नास आणि मागे पन्नास मीटरपर्यंत नीट समजतो असं धरलं, तर दुकानाच्या पायरीवर उभ्या माणसाला जेमतेम २५ सेकंद मिळतात. तेही जाहिरातीच्या सुरुवातीपासून मिळतील असं नाही. त्याला मधूनच ऐकू येतं आणि तो मागे जाऊन पुन्हा ऐकू शकत नाही.

आता तारीख. "दहा अकरा" हे माणूस कसं ऐकेल? "दहा-अकरा तारखेला कधीतरी", असं. दोन-तीन, सात-आठ, दहा-बारा हे आपण अंदाज सांगायला वापरतो, म्हणून आकड्यातला महिना तोंडी सांगूच नका. महिन्याचं नाव घ्या, आणि त्याच्या आधी वार: "रविवार, दहा नोव्हेंबर". तारीख निसटली तरी वार लक्षात राहतो. वर्ष सांगायची गरज नाही, प्रदर्शन पुढच्या वर्षी आहे असं कोणी समजत नाही.

याच वाक्यात आणखी एक खोच आहे. तारीख दहा, वेळही दहा. "दहा नोव्हेंबर सकाळी दहा" असं सलग आलं की एक दहा गळतो. दोघांच्या मध्ये ठिकाण टाका. आणि नुसतं "ते पाच" नको, "संध्याकाळी पाच" म्हणा.

"उद्या" आणि "परवा" हे शब्द रेकॉर्डिंगमध्ये नकोतच. क्लिप दुसऱ्या दिवशीही वाजते आणि "उद्या" एक दिवस पुढे सरकतो. परवा तर आपल्याकडे मागचाही असतो, पुढचाही.

सणावरून तारीख सांगणार असाल तर महाडकरांना रायगडाचं उदाहरण पुरे. शिवराज्याभिषेक तारखेने ६ जूनला साजरा होतो आणि तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. २०२३ मध्ये तिथी २ जूनला आली होती. त्या वर्षी कोणी "राज्याभिषेकाच्या दिवशी पाचाडला स्टॉल" असं सांगितलं असतं, तर अर्धी गिऱ्हाइकं चार दिवस आधी येऊन गेली असती. सण सांगा, पण सोबत वार-तारीख सांगा.

आता नंबर. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. सवयीने आपण जोड्या पाडतो: सत्तावन्न, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याण्णव, नव्वद, त्रेसष्ट. मराठीत एकक आधी येतो. सत्तावन्न ऐकताना कानावर सात आधी पडतो, बोटाने मात्र पाच आधी दाबायचा. शिवाय अठ्ठ्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव यांत फरक फक्त शेपटीत, आणि हॉर्नमध्ये नेमकी शेपटीच जाते. ८९ ला कोणी एकोणनव्वद म्हणतं, कोणी नव्व्याऐंशी. त्यात ७९ म्हणजे एकोणऐंशी. ही अडचण फक्त भोंग्यावरची नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं संख्यावाचन आलं आणि केवढा वाद झाला, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचा मुद्दा हाच होता, की जोडशब्द आणि उलटा क्रम यांमुळे मुलं अडखळतात. शाळेत काय असावं ते असो. नंबर सांगताना जोड्या नकोत, एवढं मात्र मी ठामपणे सांगेन.

एकेक अंक सांगा, पाच-पाचच्या दोन गटांत: पाच सात आठ आठ नऊ, थांबा, सात नऊ शून्य सहा तीन. "डबल आठ" टाळा. एकाने "डबल"चं "दोन" केलं की ८८ चे २८ झालेच.

तरी सात आणि आठ गोंगाटात सारखे वाटतात, दोन्हींत "आ" आहे. इंग्रजीत हे दोघे वेगळे, पण तिथे फाइव्ह आणि नाइन भांडतात. विमानाच्या रेडिओवर नाइनला म्हणूनच "नाइनर" म्हणतात. यावर उपाय सोपा आहे. नंबर दोनदा सांगायचाच असतो, तर एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत सांगा. एकीकडे हुकलेला अंक दुसरीकडे सापडतो. दोन्ही वेळा नंबर पूर्ण सांगा. आधी "नंबर घ्या" म्हणून दोन सेकंद गप्प राहा, खिशातून मोबाइल निघायला तेवढा वेळ लागतो.

कागदावर हे अंकांत लिहू नका, अक्षरांत लिहा. वाचणारा मुलगा ५७८८९ बघून काय वाचेल याचा नेम नाही.

वेबसाइटचं मी स्पष्टच सांगतो: शक्य असेल तर भोंग्यावर घेऊच नका. आपलं गावच बघा, Veer की Vir? स्टेशनच्या पाटीवर Veer आहे, पण कानाला दोन्ही सारखेच. व्ही, बी, डी, पी, टी भोंग्यावर सगळे "ई" होतात. मधल्या रेघेला कोणी डॅश म्हणतं, कोणी मायनस, आणि शेवटी सगळे सवयीने .com टाइप करतात. घ्यायचीच असेल तर www गाळा, नाव घेतानाच रेघ नसलेलं घ्या, आणि असं सांगा: "वीर पापड, सगळं जोडून. वीरमध्ये दोन ई. शेवटी डॉट कॉम नाही, डॉट इन." यात सहा-सात सेकंद जातात. ते मी नंबरला देईन.

म्हणून आपला कागद असा झाला. तिरकी रेघ म्हणजे थांबायचं:

"पापड आणि फेण्या, थेट बचत गटाकडून. / रविवारी, दहा नोव्हेंबरला. / वीर गावात. / सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. / नंबर घ्या. // पाच सात आठ आठ नऊ / सात नऊ शून्य सहा तीन. // पुन्हा: फाइव्ह सेव्हन एट एट नाइन / सेव्हन नाइन झिरो सिक्स थ्री. / रविवारी, वीर."

सावकाश वाचून साधारण तीस सेकंद होतात. शेवटी वार आणि गाव पुन्हा घेतलंय, कारण ज्याच्या कानावर मधूनच नंबर पडला त्याला कुठे आणि कधी ते कळायला हवं.

रेकॉर्डिंगआधी घरातच तपासा. कागद न पाहिलेल्या तिघांना पाठ करून बसवा, मिक्सर चालू ठेवा, एकदाच वाचा आणि लिहायला सांगा. तिघांचे कागद शेजारी ठेवा. तिघांचं एकाच जागी चुकलं असेल तर दोष वाक्यात आहे, तो शब्द बदला. एकाचंच चुकलं तर थांबायची जागा वाढवून पुन्हा वाचा, पण नव्या माणसासमोर. पहिल्या तिघांना आता नंबर पाठ झालेला असतो.