दांडा तुटायच्या आधी आलेख खाली का येतो?

प्रश्न: माइल्ड स्टीलच्या आलेखात कमाल बिंदूनंतर स्ट्रेस कमी होतो. मग दांडा त्यापुढे तुटतो कसा?

उत्तर: 10 मिमी व्यासाचा दांडा घ्या. त्याचं क्षेत्रफळ 78.5 चौ. मिमी. सुरुवातीची सरळ रेष म्हणजे लवचीक भाग. इथे भार काढला की दांडा मूळ लांबीवर येतो. स्ट्रेस 250 मेगापास्कलला, म्हणजे साधारण 19.6 किलोन्यूटन भाराला पोहोचला की यील्ड होतं. वरच्या यील्ड बिंदूवरून काटा किंचित घसरतो आणि भार जवळपास तेवढाच असताना लांबी वाढत राहते. हा सपाट पट्टा आखायला विसरू नका, माइल्ड स्टीलची ती ओळखच आहे. पुढे स्ट्रेन हार्डनिंगमुळे वक्र चढतो आणि समजा 32 किलोन्यूटनला, म्हणजे सुमारे 410 मेगापास्कलला, माथा गाठतो.

तुमचा प्रश्न इथून पुढचा आहे. आतापर्यंत दांडा सगळीकडे सारखा बारीक होत होता. आता एकाच जागी मान पडते. आपण मात्र भाराला मूळ 78.5 नेच भागत राहतो. समजा 25 किलोन्यूटनला दांडा तुटला, तर आलेखावर 318 दिसतील. पण मानेचा व्यास 6.5 मिमी उरला असेल, तर तिथलं क्षेत्रफळ 33.2 आणि खरा सरासरी स्ट्रेस सुमारे 750! घसरतो तो भार. मानेतला स्ट्रेस तुटेपर्यंत वाढतच असतो. परीक्षेत उभ्या अक्षावर ‘मूळ क्षेत्रफळावरचा स्ट्रेस’ असं जरूर लिहा.