पहाटे चारचा नियम

चि. भाच्यास,

अभ्यासिकेच्या भित्तिपत्रकासाठी लिहिलेला तुझा लेख वाचला. चारला उठा, साडेचारला धावा, सहाला पुस्तक उघडा, एकवीस दिवसांत सवय लागेल. भाषा जोरकस आहे, पण कोहमाऱ्यात हा नियम कुणाला आठवडाभरही पाळता येणार नाही. म्हणून पुन्हा लिही.

तुझे बरेच वाचक पोलीस भरतीची तयारी करतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर धावायचं असतं आणि सराव हायवेच्या कडेनं चालतो. जूनमध्ये आपल्याकडे साडेपाचला उजाडतं, डिसेंबरात साडेसहा वाजून जातात. साडेचारला धावायचं म्हणजे अंधारात, ट्रकांच्या वाटेत. मार्च-एप्रिलमध्ये घरची माणसं पहाटे मोहफुलं वेचायला जातात, रोवणीत सगळं घर बांधीत असतं. एकच वेळ बारा महिने कशी चालेल? वेळेऐवजी खूण दे: ‘फटफटलं की’, ‘धावून आल्यावर’. ती ऋतूबरोबर सरकते.

झोपायची वेळ तर लेखात कुठेच नाही. चारला उठायचं तर नऊला अंथरुणावर पडायला हवं, आणि तुमची अभ्यासिका त्या वेळी भरलेली असते.

एकवीस दिवसांचं वाक्य काढून टाक. ते पसरलं मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लंडनच्या संशोधकांनी रोजच्या सवयी तपासल्या. कुणाला 18 दिवस लागले, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे जरूर लिही, कारण एक दिवस चुकला की मुलं सगळंच सोडून देतात.

मागच्या थंडीत काय झालं ते तूच मला सांगितलं होतंस. तेच लेखात येऊ दे, साधारण असं: ‘थंडीत चारला उठून पाहिलं, पण पुस्तकावर डुलक्या यायच्या. आता फटफटलं की धावतो आणि आल्यावर, मोबाइल हातात घेण्याआधी, गणिताची पाच उदाहरणं सोडवतो. रोवणीत धावणं सुटतं. तेव्हा उदाहरणं तेवढी दुपारी करतो.’ यात ‘केलंच पाहिजे’ कुठेही नाही, तरी वाचणाऱ्याला काय करून पाहायचं ते कळतं, आणि अडचणीच्या दिवशी काय धरून ठेवायचं तेही.

‘चारला न उठणारा आळशी’ हे वाक्य मात्र मला लागलं. पहाटे उठून घरच्यांचा डबा करून मग अभ्यासिकेत येणाऱ्या मुली ते वाचतील. ते खोड, आणि लेख चिकटवण्याआधी त्यांच्यातल्या एकीला वाचायला दे. तिला यातलं काय जमणार नाही, ते विचारून घे.

तुझा,
मामा