मुदत संपल्यावर परत आलेली मोटर

आमचं मोटरपंपांचं दुकान सांगलीत आहे आणि मेव्हण्यांचं साताऱ्यात. त्यांच्याकडे माण-खटावचं गिऱ्हाईक, आमच्याकडे जत-कवठेमहांकाळचं. दोन्हीकडे एक प्रसंग दर उन्हाळ्यात ठरलेला. जानेवारी-फेब्रुवारीत विहीर तळाला जाते, माणूस घाईने बोअर मारतो आणि साडेसात एच.पी.ची सबमर्सिबल नेतो. मग म्हैसाळ योजनेचं, नाहीतर तिकडे जिहे-कठापूरचं पाणी सुटतं, ओढे-तलाव भरतात, विहिरीला पाझर येतो आणि बोअरची मोटर खोक्यातच राहते. दीड-दोन महिन्यांनी ती टेम्पोतून दुकानासमोर उतरते. परतीची मुदत पंधरा दिवसांची, तीही मोटर पाण्यात सोडलेली नसेल तर. अशी मोटर परत घ्यायला नाही कसं म्हणायचं आणि नाही म्हणून पुढे काय करायचं, एवढ्यापुरतेच हे अनुभवाचे बोल.

१. आधी मोटर बघायची, तारीख नंतर.

बिल हातात घेऊन पहिल्यांदा तारखेवर बोट ठेवलं की माणूस बिथरतो, आणि खरं तर पहिला प्रश्न तारखेचा नसतोच. मालात दोष आहे का, हा असतो. दोष असेल तर आमची पंधरा दिवसांची अट बाजूला राहते, वॉरंटीचं काम सुरू होतं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ सदोष मालाला लावताच येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘आता गरज उरली नाही’ या कारणाला मात्र हे कलम लागू होत नाही. तिथे दुकानाने बिलावर छापलेली अट चालते.

म्हणून मोटर टेबलावर घ्यायची. जाळीत गाळ किंवा लालसर पाण्याचे डाग आहेत का, डिलिव्हरीच्या आट्यांवर पाइप आवळल्याच्या खुणा आहेत का, केबलला जोड मारलाय का, हे बघायचं. मेगर लावून वायंडिंग तपासायचं. हे सगळं गिऱ्हाइकासमोर, त्याला दाखवत करायचं. मोटर पाण्यात सोडली होती की नाही यावरून पुढे वाद होत नाही.

२. खोटं कारण द्यायचं नाही.

आमच्या धंद्यात एक हुकमी सबब आहे, ‘जीएसटी भरून झाला, आता काही करता येत नाही.’ मार्चनंतर तर ती फारच चालते. पण विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट काढता येते, आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत तिचा कर कमी करून घेता येतो. गिऱ्हाइकाचा पुतण्या एखाद्या करसल्लागाराकडे कामाला असतो आणि संध्याकाळपर्यंत ही सबब उघडी पडते. मग आपल्या खऱ्या कारणावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

खरं कारण साधं आहे. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होते. दोन महिन्यांनी आलेल्या मोटरची दोन महिन्यांची वॉरंटी सरलेली असते, खोकं फुटलेलं असतं, आणि वितरक ती माझ्याकडून माघारी घेत नाही. ती नवी म्हणून पुढच्याला विकणं ही सरळ फसवणूक. एवढं सांगितलं की बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांना जीएसटीची सबबही पटली नसती.

३. ‘नाही’ पहिल्याच वाक्यात यावं.

‘बघतो’, ‘कंपनीला विचारतो’, ‘पुढच्या सोमवारी या’ असं म्हटलं की माणूस जतवरून पुन्हा भाडं खर्चून येतो आणि तेच ‘नाही’ दुप्पट रागाने ऐकतो. मेव्हण्यांचं वाक्य ठरलेलं आहे: “पाव्हणं, पैसे माघारी मिळायचे न्हाईत. पर मोटर तुमच्या गळ्यात पडू देणार न्हाई. बसा, चहा घ्या, हिशोब करू.” नकार आणि पुढची वाट एका दमात, पण नकार आधी.

४. सवलतीचा आकडा तोंडी नको, कागदावर मांडावा.

एकदा कवठेमहांकाळ भागातले एक काका मे महिन्यात मोटर घेऊन आले. बिल फेब्रुवारीचं, ३२,००० रुपयांचं. मोटर कोरी, जाळी स्वच्छ, वायंडिंग ठणठणीत. “शेठ, पान्यात बी सोडली न्हाई, मग बत्तीस का न्हाई देत?” हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मी कोरा कागद घेतला. खोकं फुटलेली, नऊ महिने वॉरंटी उरलेली मोटर पुढचा माणूस २८,००० पेक्षा जास्तीला घेणार नाही. तपासणी आणि ने-आणीचे १,०००. ती विकेपर्यंत माझे पैसे अडकणार, त्याचे १,०००. राहिले २६,०००. यात माझा नफा शून्य आहे, हेही त्याच कागदावर लिहिलं.

मग दोन वाटा सांगितल्या. एक, हे २६,००० रोख नाहीत, पण दुकानातल्या कुठल्याही मालात वळते होतील. दुसरी, मोटर त्यांच्याच मालकीची राहील, तीन महिने माझ्या दुकानात ठेवू, किंमत ते ठरवतील, गिऱ्हाईक मी बिनकमिशन शोधून देईन. या दुसऱ्या वाटेत जोखीम त्यांची, पण पैसे रोख आणि कदाचित जास्त.

काकांच्या विहिरीला आता पाणी होतं. त्यांना हवी होती पाच एच.पी.ची ओपनवेल मोटर, २२,५०० रुपयांची, आणि ४,२०० चा स्टार्टर. बेरीज २६,७००. खिशातून ७०० घालून व्यवहार मिटला असता. तरी काका उठून गेले. आकडा पटायला माणसाला घरी जावं लागतं, हे मी धरूनच चालतो. कागद त्यांना बरोबर दिला.

५. एकाला जे दिलं ते पुढच्यालाही देता आलं पाहिजे.

बाजारपेठ लहान आहे. द्राक्षबागायतदार एकमेकांना छाटणीच्या तारखेपासून मोटरच्या सवलतीपर्यंत सगळं सांगतात. ओळखीच्या पुढाऱ्याच्या फोनवर एकाला पूर्ण पैसे दिले, तर त्या गावातून पुढची दहा बिलं त्याच दराने मागितली जातात. म्हणून आमची रीत दोनच गोष्टी बघते: मोटर पाण्यात गेली होती का, आणि वॉरंटी किती उरली. पाण्यात गेलेली असेल तर बदली नाही. तिथे फक्त दुसरी वाट, म्हणजे गिऱ्हाईक शोधून देणं. पुढच्या घेणाऱ्याला ती वापरलेली आहे हे सांगूनच.

कापलेली केबल मात्र कुठल्याच हिशोबात धरत नाही. खोल बोअरसाठी मापाने तोडलेल्या तुकड्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळत नाही. ती घरीच ठेवा, विहिरीच्या मोटरला उपयोगी पडेल, असं सांगतो.

६. शेवटी दोन ओळी लिहून घ्याव्यात.

ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि दोन वर्षांनी काय बोलणं झालं ते कुणालाच धड आठवत नाही. म्हणून जुन्या बिलाच्या प्रतीवर लिहितो: मोटर तपासली, दोष नाही, परतीची मुदत संपलेली, दुकानाने राजीखुशीने अमुक सवलत दिली. खाली तारीख आणि दोघांच्या सह्या.

काका चौथ्या दिवशी पुतण्याला घेऊन आले. पुतण्याने तो कागद दोनदा वाचला, सांगलीतल्याच आणखी एका दुकानात विचारून आल्याचंही सांगितलं, आणि अडकलेल्या पैशांचे १,००० कमी करा म्हणाला. मी केले नाहीत. त्याऐवजी ओपनवेल मोटर बसवायला आमचा माणूस फुकट पाठवायचं कबूल केलं. सही काकांनीच केली.